रेडिओ जाहिरातीतला डिस्क्लेमर: भरभर, पण कळेल असा

रेडिओच्या जाहिरातीत शेवटच्या काही सेकंदांत जे भुर्रकन निघून जातं, ते वाचायचं काम नव्या आवाजाच्या वाट्याला हमखास येतं. मुख्य जाहिरात नावाजलेला कलाकार करतो आणि 'शेवटचं ते कायद्याचं तू वाचून टाक' असं स्टुडिओत नव्याला सांगितलं जातं. नवा मुलगा किंवा मुलगी मग जीभ जितकी पळेल तितकी पळवते. दिलेल्या सेकंदांत वाक्य बसतं, पण ऐकणाऱ्याला त्यातलं अवाक्षर कळत नाही.

या कामात वेळ लिहिताना वाचवायचा असतो, वाचताना फार थोडा वाचतो. म्हणून या लेखाचा निम्मा भाग माईकसमोर उभं राहण्याच्या आधीचा आहे.

पहिलं काम: मजकूर कोणाचा आहे ते विचारा

डिस्क्लेमर दोन प्रकारचे असतात आणि ते ओळखता येणं सगळ्यात महत्त्वाचं. एका प्रकारात शब्द ठरवून दिलेले असतात. म्युच्युअल फंडाचा इशारा हे सगळ्यांच्या कानात बसलेलं उदाहरण. सेबीच्या जाहिरात संहितेत या वाक्यात एकही शब्द वाढवायचा किंवा गाळायचा नाही असं बजावलेलं आहे. मराठी जाहिरातीसाठी फंड कंपनीनं मंजूर केलेलं मराठी वाक्य येतं, ते जसंच्या तसं वाचायचं. 'अधीन' जड वाटतं म्हणून आपल्या मनानं दुसरा शब्द घातला, तर अख्खी जाहिरात परत येते.

दुसऱ्या प्रकारात मजकूर जाहिरातदाराचा स्वतःचा असतो. दिवाळीची ऑफर, एक्स्चेंज, हप्ते, सवलतीची मुदत, असलं काहीतरी. दुकानदाराच्या वकिलानं तो कागदासाठी लिहिलेला असतो, कानासाठी नाही. इथे शब्द बदलता येतात, अर्थ मात्र बदलायचा नाही. बदललेला मजकूर वकिलाकडे किंवा कंपनीच्या लीगल विभागाकडे पुन्हा पाठवायचा आणि त्यांचा होकार लेखी घ्यायचा. 'फोनवर चालेल म्हणाले' या भरवशावर रेकॉर्डिंग करू नका.

आणखी एक गोष्ट आधीच तपासा. काही बाबतींत भरभर वाचायची मुभाच नाही. क्रिप्टोच्या जाहिरातींसाठी ॲस्कीनं, म्हणजे जाहिरात क्षेत्राच्या स्वनियंत्रण संस्थेनं, २०२२ मध्ये नियम आणले. धोक्याची सूचना जाहिरातीच्याच भाषेत हवी, ऑडिओत ती शेवटी बोललेली हवी आणि जाहिरात ९० सेकंदांहून मोठी असेल तर सुरुवातीला आणि शेवटी अशी दोनदा हवी. सूचना नेहमीच्या बोलण्याच्या वेगात असावी हाही त्यातला आग्रह आहे. अशा स्क्रिप्टला सेकंद कमी पडत असतील तर कात्री मुख्य मजकुराला लावायची.

भाषेचा मुद्दा इतर जाहिरातींनाही लागू आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दावा ज्या भाषेत, डिस्क्लेमर त्याच भाषेत हवा. अख्खी जाहिरात अस्सल सातारी मराठीत आणि शेवटची सहा सेकंदं इंग्रजीत, असा प्रकार आजही कानावर पडतो. असं स्क्रिप्ट हातात आलं तर वाचायला घेण्याआधी निर्मात्याला विचारा.

दुसरं काम: शब्द नाही, ठोके मोजा

सेबीच्या २०१२ च्या सुधारणेत दृकश्राव्य जाहिरातींसाठी एक माप उदाहरण म्हणून दिलं होतं. फंडाच्या इशाऱ्यातले इंग्रजी १४ शब्द निदान ५ सेकंद चालले तर तो स्पष्ट आणि समजेल असा मानता येईल. रेडिओवाल्यांनीही हे माप मनाशी धरलं, आणि ते चांगलंच आहे. मात्र ते इंग्रजी वाक्याचं आहे. मराठीत तेच वाक्य ५ सेकंदांत बसवायला गेलात की फसलात.

स्वतः मोजून बघा. टेबलावर बोटानं टकटक करत वाक्य म्हणायचं, तोंडातून जेवढे तुकडे निघतील तेवढे ठोके. 'बाजारातील' म्हणजे बा-जा-रा-तील, चार ठोके. 'वाचा' म्हणजे दोन. आता हे वाक्य घ्या: 'म्युच्युअल फंड गुंतवणूक बाजारातील जोखमीच्या अधीन असते, योजनेशी संबंधित सर्व कागदपत्रे काळजीपूर्वक वाचा.' यात १३ शब्द आहेत, म्हणजे इंग्रजीपेक्षा एक कमीच. ठोके मात्र पहिल्या भागात १८ आणि दुसऱ्या भागात १८, एकूण ३६. इंग्रजी वाक्यात ते २६च्या आसपास भरतात. म्हणजे इंग्रजी वाक्य ५ सेकंदांत म्हणताना सेकंदाला पाचाहून किंचित जास्त ठोके पडतात, तर मराठी वाक्य तेवढ्याच वेळात कोंबलं की सातांच्या वर जातात. त्याच निवांतपणे मराठी वाक्य म्हणायचं तर सात सेकंद लागतील.

माझा हिशोब असा: सेकंदाला पाच ठोके हा जाहिरातीतला सहज वेग. सहा म्हणजे भरभर, पण कळतं. सातवर शब्द कळतात, पण ते ऐकणाऱ्याच्या आधीपासून ओळखीचे असतील तरच. आठच्या पुढे नुसता आवाज उरतो. म्युच्युअल फंडाचं वाक्य लोकांनी इतक्यांदा ऐकलंय की साडेसहावर निभावून जातं, म्हणजे साधारण साडेपाच सेकंद. नवीन मजकुराला ही सूट नाही. तिथे सहाची मर्यादा पाळा.

हा आकडा हाती असला की निर्मात्याशी नीट बोलता येतं. 'जरा मोठं वाटतंय' असं म्हटलं तर 'वाच गं, बसेल' असं उत्तर मिळतं. 'साठ ठोके आहेत, दहा सेकंद लागतील, स्पॉटमध्ये सहा आहेत' असं म्हटलं की समोरचा स्क्रिप्ट हातात घेतो.

तिसरं काम: कागदी मजकूर कानाचा करा

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. नाशिकमधल्या एका घरगुती उपकरणांच्या दुकानाची ३० सेकंदांची दिवाळीची जाहिरात आहे असं समजा. मुख्य मजकुरात जुना फ्रिज द्या, नवा न्या, शून्य टक्के व्याजानं हप्ते, असं सगळं आलेलं आहे. शेवटी वाचायला वकिलाकडून हे आलं:

'सदर ऑफर केवळ निवडक मॉडेल्सवर, दिनांक १५ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर या कालावधीत, साठा उपलब्ध असेपर्यंत लागू राहील. एक्स्चेंज मूल्य हे जुन्या उपकरणाच्या स्थितीनुसार निर्धारित करण्यात येईल. शून्य टक्के व्याजाची सुविधा वित्तपुरवठादार संस्थेच्या मंजुरीच्या अधीन असून प्रक्रिया शुल्क आकारले जाऊ शकते. कोणत्याही पूर्वसूचनेशिवाय ऑफर रद्द करण्याचा अधिकार विक्रेता राखून ठेवत आहे. अटी व शर्ती लागू.'

हे जवळपास १४० ठोके होतात. सहाच्या वेगानं २३ सेकंद. जाहिरातीला उरले सात.

आता एकेक वाक्य घेऊन विचारायचं: हे कळलं नाही तर दुकानात आलेला गिऱ्हाईक कशावरून भांडेल? फ्रिजचं मॉडेल ऑफरमध्ये नाही म्हटल्यावर भांडेल. जुन्या फ्रिजचे वाटले होते त्याहून कमी पैसे मिळाले की भांडेल. कर्ज नामंजूर झालं किंवा प्रक्रिया शुल्काचा आकडा अचानक समोर आला की भांडेल. मुदत संपल्यावर आला तर भांडेल. या पाच गोष्टी आवाजात आल्याच पाहिजेत. ऑफर रद्द करण्याचा अधिकार आणि साठ्याची गोष्ट दुकानातल्या फलकावर चालेल का, हे वकिलाला विचारा. बहुतेकदा चालतं, पण उत्तर त्यांनीच द्यायचं.

मग यातल्या कोणत्या गोष्टी शेवटीच सांगायला हव्यात ते बघा. मुदत मुख्य मजकुरात जास्त शोभते. 'पाच नोव्हेंबरपर्यंत या' हे तर गिऱ्हाईक बोलवायचंच वाक्य आहे, ते डिस्क्लेमरमध्ये कशाला दडवायचं? प्रक्रिया शुल्काचंही तसंच, पण कारण वेगळं. प्राधिकरणाच्या त्याच सूचनांनुसार डिस्क्लेमरनं दावा समजावून सांगावा, खोडून काढू नये. मुख्य मजकुरात 'एक पैसाही जास्त नाही' म्हणायचं आणि शेवटी पुटपुटत शुल्क सांगायचं, हे चालत नाही. मुख्य वाक्यच 'शून्य टक्के व्याज, फक्त प्रक्रिया शुल्क' असं करून घ्यायचं. दुकानदार थोडी कुरकुर करेल. करू द्या.

आता शेवटी उरलं ते असं:

'ऑफर ठरावीक मॉडेलांवर. जुन्या वस्तूची किंमत तिची हालत बघून ठरेल. कर्जाला मंजुरी हवी. बाकी अटी दुकानात.'

हे ३९ ठोके झाले, म्हणजे साडेसहा सेकंद. पूर्णविरामांचे श्वास धरून सात. ३० सेकंदांच्या स्पॉटमध्ये सात सेकंद मागणं रास्त आहे.

यात काय बदललं ते लक्षात घ्या. 'निर्धारित करण्यात येईल' गेलं आणि 'ठरेल' आलं, सात ठोक्यांऐवजी दोन ठोके. 'च्या अधीन असून' असं एकाला एक जोडलेलं वाक्य तोडून दोन केली. कागदावर वाचणारा मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो, ऐकणाऱ्याला ती सोय नाही, म्हणून एका वाक्यात एकच गोष्ट. आणि 'अटी व शर्ती लागू'ऐवजी 'बाकी अटी दुकानात' घेतलं, कारण ऐकणाऱ्याला अटी आहेत हे ठाऊकच असतं, कुठे मिळतील ते हवं असतं.

आकड्यांबद्दल एक सावधगिरी. मराठी संख्या वेगात फार दगा देतात. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, पंचवीस आणि पंचेचाळीस, त्र्याहत्तर आणि त्र्याऐंशी, यांतला फरक शब्दाच्या शेपटीत असतो आणि भरभर वाचताना शेपूटच गिळली जाते. डिस्क्लेमरमध्ये आकडा टाळता येत नसेल तर त्याच्या आधी किंचित थांबा आणि आकडा मुख्य मजकुराच्या वेगात म्हणा. घरांच्या जाहिरातीत रेरा कायद्याच्या कलम ११(२) प्रमाणे नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या वेबसाइटचा पत्ता येतोच. तो लांबलचक क्रमांक एकेक आकडा सुटा करून, तीन-तीनच्या गटांत वाचायचा, आणि त्याचे सेकंद आधीच बाजूला काढून ठेवायचे.

चौथं काम: स्क्रिप्टवर खुणा

आता पेन्सिल घ्या. फंडाचं वाक्य मी असं मांडून घेतो:

म्युच्युअल फंड गुंतवणूक / बाजारातील जोखमीच्या / अधीन असते // योजनेशी संबंधित / सर्व कागदपत्रे / काळजीपूर्वक वाचा

एक तिरकी रेघ म्हणजे श्वास न घेता शब्द वेगळे करायचे. दोन रेघा म्हणजे खरा थांबा, पण अगदी छोटा. महत्त्वाच्या शब्दांवर वेग उतरवायचा. वेग सगळीकडे सारखा ठेवायचा नसतो, नवख्यांना हे कोणी सांगत नाही. 'म्युच्युअल फंड गुंतवणूक' हे शब्द ऐकणाऱ्यानं आत्ताच चारदा ऐकलेत, ते पळवा. 'जोखमीच्या' हा इशाऱ्याचा गाभा आहे, तो पळवू नका. ओळखीच्या शब्दांवर वाचवलेला वेळ नव्या शब्दांवर खर्च करायचा.

तिरक्या रेघा कुठे घालायच्या? जिथे दोन शब्द एकमेकांत घुसतात तिथे. 'जोखमीच्या अधीन' वेगात 'जोखमीच्याधीन' होतं. 'सर्व कागदपत्रे'चं 'सर्कागदपत्रे' होतं. आपल्या दुकानाच्या मजकुरात 'तिची हालत' नीट म्हटलं नाही तर 'तिचीहालत' असं काहीतरी विचित्र ऐकू येतं. शब्द स्वरानं संपून पुढचा स्वरानंच सुरू होत असेल, किंवा जोडाक्षरामागे लगेच व्यंजन येत असेल, तिथे रेघ हवीच. आणि वाक्यात 'नाही' किंवा 'नसेल' असेल तर त्याभोवती पेन्सिलीनं गोल करा. 'रक्कम परत मिळणार नाही' यातला 'नाही' गिळला गेला तर तुम्ही बरोबर उलट सांगितलेलं असतं.

पाचवं काम: वाचन आणि रेकॉर्डिंग

डिस्क्लेमर मुख्य जाहिरातीपासून वेगळ्या टेकमध्ये घ्या. तोच आवाज असेल तर त्याच बैठकीत घ्या, म्हणजे माईकपासूनचं अंतर आणि आवाजाचा पोत जुळतो. अंतर वीतभर. उभं राहून वाचा, बसल्यावर पोट दबतं आणि वाक्याच्या शेवटी श्वास संपतो. श्वास वाक्याच्या आधी पुरा भरून घ्या. मध्येच हवेसाठी धडपडत घेतलेला श्वास माईकला फार मोठा ऐकू जातो.

वेग जिभेनं नाही, ओठांनी आणि जबड्यानं सांभाळायचा. तोंड नेहमीपेक्षा जास्त उघडा. वेग वाढला की तोंड आपोआप आवळतं आणि सगळे स्वर 'अ'सारखे होऊ लागतात. शब्द अस्पष्ट होतात ते यानं. पहिले दोन टेक मुद्दाम सावकाश घ्या, सेकंदाला चार ठोक्यांनी. मग तोच उच्चार कायम ठेवून वेग वाढवा. ज्या टेकमध्ये पहिल्यांदा एखादा शब्द निसटेल, त्याच्या आधीचा टेक तुमचा.

सूर मुख्य मजकुरापेक्षा थोडा खाली आणि सपाट चालतो, पण शेवटचा शब्द खाली पाडू नका. 'वाचा' किंवा 'दुकानात' हे शब्द पडलेल्या सुरात संपले की गाडीतल्या रेडिओवर ऐकूच येत नाहीत. आणि माफी मागितल्यासारखं किंवा थट्टेनं वाचू नका. वेगाची गंमत करणारं वाचन स्टुडिओत सगळ्यांना आवडतं, पण ऐकणारा हसतो आणि मजकूर त्याच्या कानावरून जातो.

एडिटिंगमध्ये मोह दोन. पहिला म्हणजे यंत्रानं वेग वाढवणं. ऑडॅसिटीत `Change Tempo` वापरलं तर सूर न बदलता वेग वाढतो. पाच टक्क्यांपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. दहाच्या पुढे 'च', 'ट', 'क' ही अक्षरं चिरकल्यासारखी होतात आणि जोडाक्षरं एकात एक मिसळतात. पाचानं भागत नसेल तर मजकूर मोठा आहे, तिसऱ्या कामाकडे परत जा. दुसरा मोह म्हणजे शब्दांमधली सगळी शांतता कापून टाकणं. त्यानं अर्धा-पाऊण सेकंद वाचतो खरा, पण वाक्य कुठे संपलं तेच कळत नाही. पूर्णविरामाजवळ सेकंदाचा पाचवा भाग तरी मोकळा राहू द्या.

मागचं संगीत डिस्क्लेमरखाली बंदच करावं, असं माझं मत. क्लायंटला ते हवंच असेल तर स्टुडिओत योग्य वाटतं त्याहून आणखी खाली घ्या. एफएम स्टेशनवर प्रक्षेपणाआधी सगळा आवाज एका प्रोसेसरमधून जातो. तो बारीक आवाज वर उचलतो आणि मोठा दाबतो. त्यामुळे तुम्ही हळूच ठेवलेलं संगीत हवेत गेल्यावर शब्दांच्या फटींत फुगून वर येतं. स्टुडिओत स्वच्छ वाटलेला डिस्क्लेमर रेडिओवर चिखल का होतो, याचं बऱ्याचदा हेच कारण असतं.

सहावं काम: कान उसना घ्या

स्वतःचं वाचन स्वतः तपासता येत नाही. मजकूर पाठ असलेल्याला अस्पष्ट शब्दही स्पष्टच ऐकू येतात, आणि हे निर्मात्याला, इंजिनीयरला, क्लायंटलाही लागू आहे. ज्यानं स्क्रिप्ट पाहिलेलं नाही असा माणूस शोधा. चहा आणणारा, रिसेप्शनवरची ताई, खालचा वॉचमन, कोणीही. पूर्ण जाहिरात फोनच्या स्पीकरवर, पंखा चालू असताना, एकदाच ऐकवा. 'कळलं का?' विचारू नका, सगळे हो म्हणतात. नेमकं विचारा: 'कोणत्याही फ्रिजवर ऑफर आहे का?' 'जुन्या फ्रिजचे किती मिळतील?' 'हप्ते सगळ्यांनाच मिळतील का?' तीनपैकी एकाचं जरी उत्तर चुकलं, तरी कोणतं वाक्य निसटलं ते लगेच समजतं, आणि तेवढंच वाक्य पुन्हा घ्यायचं. दुसऱ्या खेपेला माणूस बदला, पहिल्याला आता उत्तरं माहीत झाली.

फाइल पाठवताना तिच्याबरोबर डिस्क्लेमरचा मंजूर मजकूर आणि मंजुरीची ईमेलही पाठवा. एक ओळ त्यात जरूर लिहा: या स्पॉटची छोटी आवृत्ती काढायची झाली तर शेवटचे सात सेकंद तसेच ठेवावेत. ३० सेकंदांचा स्पॉट २० चा करायला बसलेला माणूस कात्री सगळ्यात आधी शेवटावर चालवतो, आणि तेव्हा तुम्ही स्टुडिओत नसता.